सगळ्या प्रश्नांचं उत्तर क

उजळणीच्या खेळात जवळजवळ सगळ्या प्रश्नांचं बरोबर उत्तर मी क करून ठेवलं होतं. मुद्दाम नाही. मुद्दाम करायलाही थोडी अक्कल लागते.

भामरागडच्या अलीकडे, जंगलात, एका आश्रमशाळेत मी विज्ञान शिकवतो. मूळचा पोंभुर्ण्याकडचा, म्हणजे जंगल मला नवं नाही. नवा होता तो प्रोजेक्टर. कुणीतरी शाळेला दिला आणि मी त्याच्या प्रेमात पडलो. फळ्यावर खडूनं लिहिणं मला एकाएकी मागासलेलं वाटायला लागलं. नववीची उजळणी आता खेळातून होईल, मोठ्या पडद्यावर होईल, टाळ्यांच्या आवाजात होईल, असं मी प्रार्थनेच्या वेळी सगळ्या शाळेसमोर जाहीर करून टाकलं. हेडमास्तर माझ्याकडे बघत राहिले. ते कौतुक होतं असं मी धरून चाललो.

खेळ मी असा केला होता. पहिली स्लाइड म्हणजे मुख्य फळा. वर चार रकाने: ध्वनी, प्रकाश, उष्णता, वीज. प्रत्येकाखाली गुणांचे चौकोन. गटानं चौकोन निवडला की मी त्यावर टिचकी मारायची, त्याचा प्रश्न उघडायचा. वर प्रश्न, खाली चार पर्याय, अ ब क ड. गटानं उत्तर दिलं की पुन्हा कळ दाबायची, मग बरोबर पर्यायाभोवती हिरवी चौकट उमटायची आणि टाळ्या वाजायच्या. कोपऱ्यात छोटंसं घर. घरावर टिचकी मारली की परत मुख्य फळ्यावर. रिकाम्या जागी चुकून कळ लागली तर पुढचीच स्लाइड उघडू नये म्हणून तीही सोय मी बंद करून टाकली होती. तेव्हा बारकाई नव्हती असं कुणी म्हणू नये. फक्त ती चुकीच्या जागी खर्च झाली होती.

पहिला प्रश्न मी जीव ओतून केला. त्याचं उत्तर होतं क. मग त्याच स्लाइडची नक्कल काढायची, प्रश्न आणि पर्याय खोडून नवे लिहायचे, हिरवी चौकट उचलून योग्य पर्यायावर ठेवायची. ध्वनीचा रकाना असा नीट झाला. पुढं लाइट येऊन-जाऊन करायला लागली, लॅपटॉपची बॅटरी लाल झाली, आणि माझा हात नुसता मजकूर बदलत सुटला. चौकट उमटेपर्यंत दिसत नाही ना! जे दिसत नाही ते हलवायचं राहून गेलं. म्हणजे प्रकाश, उष्णता आणि वीज या तिन्ही रकान्यांत, प्रश्न कोणताही असो, हिरवं होणार होतं क.

तपासून बघितलं का? बघितलं की. पहिल्या प्रश्नाची स्लाइड. पाच-सहा वेळा. टाळ्या ऐकायला छान वाटायचं.

आता या खेळात काय पणाला लागलं होतं ते सांगायला हवं, नाहीतर हा सगळा पोरखेळ वाटेल. चंद्रपूरजवळच्या ऊर्जानगरला शाळांची विज्ञान प्रश्नमंजूषा होती, आणि त्याच्या दुसऱ्या दिवशी मुलांना वीजकेंद्र दाखवणार होते. आमच्या जीपमध्ये चार मुलांची जागा. जो गट उजळणीचा खेळ जिंकेल तो जाईल, असं मी ठरवून टाकलं होतं. आणि नववीत एक मुलगी होती, जिला ते वीजकेंद्र बघायचंच होतं.

ती नदीपलीकडच्या गावातली. पावसाळ्यात तिचं गाव आम्हाला असून नसल्यासारखं. घरी माडिया बोलते, वर्गात फारसं काहीच बोलत नाही. तिच्या गावात खांब आले, तारा आल्या, लाइट मात्र मनात येईल तेव्हा यायची. एकदा शाळेतली लाइट गेली तेव्हा तिनं मला विचारलं होतं, "सर, हे लाइट जाते म्हंतेत, त कुठी जाते?"

मी हसून म्हणालो होतो, "गावाले जाते, पाहुणी."

सगळा वर्ग हसला. ती हसली नाही. ती उत्तराची वाट बघत होती, हे मला तेव्हा कळलं नाही. मी आपला विनोदावर खूश. त्यानंतर उजळणीच्या खेळाचं जाहीर झाल्यापासून ती सुटीत एकटी बसून पाठ करताना दिसायची. तिच्या गटातल्या तिघींना तिनं असं कामाला लावलं होतं की मी त्यांना एवढं कधी लावू शकलो नव्हतो.

खेळाच्या दिवशी खिडक्यांना पोरांची ब्लँकेटं लावून वर्गात अंधार केला. भिंतीवर पांढरी चादर. प्रोजेक्टर इन्व्हर्टरवर. मी हातात बिनतारी माउस घेऊन वर्गात फिरत होतो, सर्कशीतल्या माणसासारखा. सुरुवातीलाच नियम सांगितला, "पडद्यावर जे हिरवं होईल ते अंतिम. वाद घालायचा नाई. आपण वाद घालाले बसलो नाई, खेळाले बसलो."

दोनच गट उतरले, बाकीचा वर्ग बघायला. एक त्या मुलीचा. दुसरा चार पोरांचा, आणि त्यांचा म्होरक्या म्हणजे वर्गातला सर्वात वाह्यात पोरगा. अभ्यासात बरा, पण त्याचा सगळा जीव अभ्यास टाळण्यात.

ध्वनीचा रकाना छान गेला. दोन्ही गट बरोबरीत. चौकट उमटली, टाळ्या वाजल्या, की पोरं चादरीकडे बघत राहायची आणि मी त्यांच्या तोंडांकडे. खरं सांगतो, मला पडद्याकडे बघायची गरजच वाटत नव्हती. पडदा माझाच होता. मला बघायची होती ती त्यांच्या चेहऱ्यावरची भुरळ. कळ दाबायची आणि जादूगारासारखं वर्गाकडे तोंड करायचं, असं माझं चाललं होतं.

मग मुलीच्या गटानं वीज निवडली. यापैकी विजेचा सुवाहक कोणता? अ कोरडं लाकूड, ब तांबं, क रबर, ड काच.

"ब, तांबं," तिच्या गटातली एक म्हणाली.

मी कळ दाबली आणि तोंड वर्गाकडे केलं. टाळ्या वाजल्या. चारही मुली पडद्याकडे बघत थिजल्या होत्या. तोंडं उघडी. मी मनात म्हटलं, बघ, यालाच म्हणतात शिक्षण.

"चुकलं!" पोरांपैकी एक ओरडला. "ब नाई, क झालं!"

मी ओझरतं मागं बघितलं. हिरवं क भोवती होतं. वाचलं का? नाही. "कोई बात नाई," मी म्हणालो, "पुढच्या वेळी." आणि घरावर टिचकी मारली. रबरातून वीज नेऊन मी मुख्य फळ्यावर परत आलो.

पोरांची पाळी. विद्युतरोधाचं एकक कोणतं? त्यांचा म्होरक्या आधी काहीतरी वेगळंच बोलणार होता. त्याचे ओठ हलले होते, मी बघितलं होतं. मग तो थांबला, चादरीकडे बघून डोळे बारीक केले आणि म्हणाला, "क."

क म्हणजे वॅट. हिरवं झालं. टाळ्या.

त्यानंतर त्या पोरांनी जो धडाका लावला! प्रश्न पुरता उघडायच्या आत "क". मी प्रश्न वाचायला तोंड उघडलं की "क, सर!" आणि दरवेळी हिरवं, दरवेळी टाळ्या. मी भारावून गेलो. म्हटलं, केवढी ही तयारी! त्या वाह्यात पोराच्या पाठीवर थाप मारून मी वर्गाला सांगितलं, "याले म्हंतेत अभ्यास. नुसतं आवाज ऐकून प्रश्न ओळखून राह्यला." तो मान खाली घालून बसला. मला वाटलं, लाजला बिचारा.

मुलींचं उलटं. त्या विचार करायच्या, कुजबुजायच्या, उत्तर द्यायच्या, आणि हिरवं दुसरीकडेच व्हायचं. बाजूच्या खडूच्या फळ्यावर पोरांचे गुण वर वर जात होते. ती मुलगी पडद्याकडे बघायची, मग माझ्याकडे, मग परत पडद्याकडे. तिच्या बाजूची एक रडकुंडीला आली होती. त्यांना वाटत होतं, आपण जे पाठ केलं तेच चुकीचं होतं. पुस्तक चुकलं, आपण चुकलो, सर चुकले असतील, पण एवढा मोठा उजेड चुकेल असं त्यांना वाटत नव्हतं. तो नियम माझाच होता ना.

शेवटचा चौकोन मुलींचा. सर्वात जास्त गुणांचा, मागचं सगळं भरून काढील एवढा. तो मिळाला असता तर त्या बरोबरीत आल्या असत्या. न मिळाला तर जीपमध्ये पोरं.

दोन बल्ब एकसर जोडणीत लावले आहेत. त्यातला एक काढून घेतला तर दुसऱ्याचं काय होईल? अ, तो विझेल. ब, तो दुप्पट उजळेल. क, आहे तसाच राहील. ड, लुकलुकेल.

तिच्या मैत्रिणी तिच्याकडे बघत होत्या. एकीनं तिचा हात ओढून काहीतरी सांगितलं. नंतर मला कळलं, ती म्हणत होती, क म्हण. सगळं क च होऊन राह्यलं, तू पण क म्हण. ऊर्जानगर दिसेल.

ती उभी राहिली. "अ," ती म्हणाली.

मी कळ दाबली. क हिरवं झालं. टाळ्या. पोरं उड्या मारायला उठली, अर्धवट उठून का कोण जाणे, बसली.

"हिल्ले," ती म्हणाली.

हिल्ले म्हणजे नाही. तिच्या भाषेतलं. वर्गात ती मराठीतसुद्धा कधी नाही म्हणाली नव्हती.

"काय म्हणून राह्यली बाई?" मी म्हणालो. "नियम काय सांगतला? हिरवं झालं ते अंतिम."

"थो हिरवा खोटा हाय, सर."

 मी बावीस प्रकारे रागावू शकतो, त्यातला एक निवडेपर्यंत ती निघालीसुद्धा. ती माझ्याकडे बघतच नव्हती. कपाटाकडे गेली. त्यात प्रयोगाची पेटी होती, जी प्रोजेक्टर आल्यापासून मी उघडली नव्हती. तिनं दोन सेल, दोन छोटे बल्ब, तारा काढल्या. माझ्या टेबलावर मांडल्या. बोटं कुठं चुकत नव्हती. एकामागे एक ठेवलेल्या सेलपासून पहिला बल्ब, पहिल्यापासून दुसरा, दुसऱ्यापासून परत सेल. एकच वाट, मध्ये फाटा नाही.

शेवटची तार लावण्याआधी ती थांबली. प्रोजेक्टरकडे बोट केलं. "थो बंद करा. दिसून नाई राह्यलं."

मी बंद केला. ती एवढी मोठी पांढरी चादर विझली. माझी चौकट, माझे टाळ्यांचे आवाज, माझे गुणांचे चौकोन, सगळं गेलं. अंधारात फक्त पोरांचे श्वास आणि इन्व्हर्टरचं गुणगुणणं.

तिनं तार लावली.

दोन बल्ब लागले. उजेड तो केवढा, मोहाच्या कळीएवढा. पण त्या अंधारात तेवढ्या उजेडात चाळीस चेहरे उगवले. मी इतकी वर्षं हा प्रयोग शिकवतो. मार्कांसाठी शिकवतो. त्या दिवशी मी तो पहिल्यांदा बघितला. दोन सेलमधली कुठलीशी गोष्ट तारेतून निघते, एका दिव्यातून जाते, दुसऱ्यातून जाते, आणि फिरून घरी येते. कुणाला दिसत नाही, पण वाट पुरी असल्याशिवाय एक पाऊल टाकत नाही.

तिनं एक बल्ब पिळून सैल केला आणि काढला.

दोन्ही उजेड एकदम गेले.

 ती अंधारातच बोलली, हळू, "वाट तुटली त दोघंबी जातेत." मग बल्ब परत बसवला. दोन्ही परत. काढला. दोन्ही गेले. एक छोटीशी मुलगी हाताच्या बोटांनी उजेड बोलावत होती आणि पाठवत होती. माझ्या अंगावर काटा आला. मला आपली लाज वाटायला हवी होती, ती नंतर आली. आधी आला तो काटा.

ब्लँकेट बाजूला करून उजेड घेतला. मी लॅपटॉपपाशी जाऊन एकेक स्लाइड उघडून बघायला लागलो. रबर, सुवाहक. रोधाचं एकक, वॅट. एके ठिकाणी तर मी पाणी उणे शंभर अंशाला उकळवलं होतं. माझे कान गरम व्हायला लागले. मागून आवाज आला.

"सर, आमचे गुण मिटवा."

तो वाह्यात पोरगा उभा होता.

"काऊन?"

"आमी त वाचतच नव्हतो. रबरवाला क हिरवा झाला न, त आमी क म्हणून पाह्यलं, मंग क क करून राह्यलो." तो त्या मुलीकडे बघत नव्हता. "वॅट मले मालूम होता का चूक हाय. ओहम हाय थो. पण मंग गुण भेटले."

जिंकलेली जागा कुणी अशी सोडतं का? मी सोडली नसती. मी नववीत असतो तर तोंडातून ब्रही काढला नसता, जीपमध्ये पुढं बसलो असतो. मी ओला डस्टर त्याच्याच हातात दिला आणि त्यानं फळ्यावरचा आपला आकडा स्वतः पुसला.

मग खेळ पुन्हा लावला. सगळ्या हिरव्या चौकटी मी काढून टाकल्या. नवा नियम पोरांनीच केला: उत्तर देणाऱ्या गटानं समोरच्या गटाला पटवून द्यायचं. समोरचा गट हो म्हणेल तेव्हाच गुण. तांब्याची तार की रबर, हे पेटीतून काढून बल्ब लावून दाखवायचं. त्या दुपारी त्या पोरांनी एकमेकांना इतकं छळलं, इतक्या शंका काढल्या, की तास संपल्याची घंटा कुणाच्या कानावर पडली नाही. मी मागच्या बाकावर बसलो. काहीच करत नव्हतो. एवढं चांगलं मी कधीच शिकवलं नव्हतं.

एक गोष्ट राहून गेली. चौकटी काढल्या, पण टाळ्यांचा आवाज स्लाइडवर वेगळा लावलेला होता, तो मी काढला नाही. त्यामुळं उत्तर बरोबर येवो की चूक, कळ दाबली की टाळ्या वाजायच्याच. तिसऱ्यांदा वाजल्या तेव्हा पोरांनी लॅपटॉपचा आवाज बंद केला आणि मला काही बोलायच्या भानगडीत पडली नाहीत.

मुली जिंकल्या. शेवटपर्यंत घासून.

जीप आलापल्लीमार्गे, आष्टीची वैनगंगा ओलांडून, चंद्रपूरकडे निघाली तेव्हा ती खिडकीशी बसली होती आणि रस्ताभर तारांकडे बघत होती. खांब मोठे होत गेले, तारा जाड होत गेल्या. ऊर्जानगरच्या प्रश्नमंजूषेत आमचा काही नंबर आला नाही, हे आत्ताच सांगून टाकतो. तिथं घंटी आधी दाबायची होती, आणि आमच्या मुली आधी एकमेकींना पटवून द्यायच्या.

पण दुसऱ्या दिवशी वीजकेंद्र. लांबूनच त्या कमरेत बारीक झालेल्या मनोऱ्यांतून ढग निघत होते. माणसांनी केलेले ढग. मुली जीपमध्ये उभ्या राहिल्या. आत टर्बाइनच्या मजल्यावर गेलो तेव्हा कानानं काही ऐकू येईना, पण तळपायातून एक गुरगुर वर चढत होती, जणू जमिनीखाली काहीतरी प्रचंड जिवंत आहे आणि आपण त्याच्या पाठीवर उभे आहोत. ती मुलगी खाली बसली आणि दोन्ही तळहात जमिनीला लावले. मीही लावले. कुणी बघत नव्हतं.

नियंत्रण कक्षात शांत होतं. तिथल्या इंजिनिअर बाईंनी मुलींना विचारलं, काही शंका? आणि आमच्या त्या अबोल मुलीनं मला पूर्वी विचारलेला प्रश्न पुन्हा विचारला.

"मॅडम, लाइट जाते म्हंतेत, त कुठी जाते?"

बाई हसल्या नाहीत. त्यांनी खुर्ची ओढून तिच्यासमोर घेतली. म्हणाल्या, "कुठंच जात नाही. या तारांमध्ये वीज साठून राहत नाही बेटा. तुझ्या गावात कुणी बटण दाबतं, त्याच क्षणी इथं, नाहीतर असल्याच दुसऱ्या केंद्रात, हे चाक तेवढा जोर जास्त लावतं. मधे कुठं वाट तुटली की तुझ्याकडचा दिवा विझतो. इथून तुझ्या घरापर्यंत सगळं एकाच वेळी जोडलेलं लागतं."

मुलगी उठून काचेपाशी गेली. काचेपलीकडे बघत राहिली. मीही बघत राहिलो. नदीपलीकडच्या एका झोपडीतलं बटण आणि हे डोंगराएवढं चाक, मधे एवढं जंगल, आणि सगळं एका क्षणात. पुस्तकात हे होतं. मी शिकवलंही होतं. मला माहीत नव्हतं, एवढंच.

"फार चांगला प्रश्न," बाई म्हणाल्या. मग माझ्याकडे बघून तिला विचारलं, "आणि तुमच्या सरांनी काय उत्तर दिलं होतं याचं?"

मी खोकलो. मुलीनं माझ्याकडे एकदा बघितलं, मग बाईंकडे.

"सरचं जाऊ द्या, मॅडम," ती म्हणाली. "त्याह्यचं सगळं क च राह्यते."